बीपी, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल: बेळगाव-निपाणी-खानापूर भागातून वारंवार येणारे प्रश्न

ओपीडीत, फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, नंतरचे अडचणीचे आहेत. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बीपी निघालं की लगेच थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही तपासून घ्यायचे का?

थायरॉइड तपासा, कॉर्टिसॉल मात्र सरसकट तपासू नका. नव्याने बीपी निघालेल्या माणसाची शुगर, क्रिएटिनीन, पोटॅशियम, लघवी आणि ईसीजी पाहतो, तेव्हा त्याच रक्तात टीएसएच पाहणं सोपं असतं. तपासणी स्वस्त आहे, तालुक्याच्या लॅबमध्येही होते आणि दोष सापडला तर गोळीने सुधारतो.

कॉर्टिसॉल वेगळं आहे. हे संप्रेरक पहाटे वाढतं, रात्री उतरतं आणि ताप, भांडण, रात्रीचं जागरण अशा कशानेही हलतं. अंगावर खुणा नसताना ते मोजलं तर बहुतेक वेळा आजार सापडत नाही, फक्त घोर लागतो. ते कधी पाहायचं, याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

२. माझं खालचं बीपी वाढलेलं असतं, आईचं वरचं. दोघींनाही थायरॉइड आहे. असं कसं?

कारण तुमचे आजार उलटसुलट आहेत. थायरॉइड कमी पडलं की हृदय सावकाश चालतं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळून राहतात. आवळलेल्या नळीतला दाब दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेतही उतरत नाही, म्हणून खालचा आकडा चढतो. १४६/१०२ असं बीपी आणि नाडी ५८, हे त्याचं चित्र. सोबत बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, जास्त जाणारी पाळी यांपैकी काही असतं. बेळगावच्या एप्रिलमध्येही अंगावर शाल घेऊन बसणारी बाई दिसली की मी आधी टीएसएच पाहतो.

थायरॉइड जास्त झालं की उलट होतं. वाहिन्या सैल पडतात, हृदय मात्र जोरात आणि भरभर मारा करतं. वरचा आकडा चढतो, खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो: १६२/६४, नाडी ११०. अशा माणसाला भूक लागते तरी वजन घटतं, हात थरथरतात आणि डिसेंबरच्या थंडीतही पंखा लागतो. वयस्कर लोकांत कधीकधी यातलं फारसं काही दिसत नाही, फक्त नाडी अनियमित लागते. वाढत्या वयात रक्तवाहिन्या कडक झाल्यानेही वरचाच आकडा चढतो. त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून निदान करू नये, पण आकड्यांसोबत नाडी लिहून आणलीत तर मला फार मदत होते. घरच्या मशीनवर नाडी दिसतेच, फक्त कुणी ती लिहून ठेवत नाही.

३. टीएसएच ६.४ आलं. म्हणजे बीपीचं कारण सापडलं ना?

बहुधा नाही. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात.

टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम आहे. थायरॉइड सुस्त पडलं की पिट्युटरी हुकूम वाढवते. बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ ही नेहमीची मर्यादा धरतात. ६.४ म्हणजे हुकूम थोडा वाढलाय. प्रत्यक्ष संप्रेरक कमी झालं का, हे फ्री टी-४ सांगतं. ते नॉर्मल असेल तर थायरॉइड अजून काम निभावतंय आणि एवढ्याशा बिघाडाने बीपी १६० वर जात नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर यातले बरेच टीएसएच आपोआप खाली आलेले दिसतात. टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी-४ कमी असेल, तर मात्र बीपीत थायरॉइडचा वाटा आहे असं मी मानतो.

किंचित वाढलेल्या टीएसएचवर बोट ठेवून खरं कारण शोधायचं राहून गेलं, अशी एक हकिगत प्रश्न ७ मध्ये आहे.

४. थायरॉइडची गोळी सुरू झाली. आता बीपीची गोळी सोडू का?

सोडू नका. लिव्होथायरॉक्सिनचा पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि टीएसएचही तेव्हाच पुन्हा तपासायचं असतं. रक्तवाहिन्या सैल व्हायला कधीकधी आणखी वेळ लागतो. टीएसएच जागेवर आल्यावर घरचं बीपी सलग १३५/८५ च्या खाली राहू लागलं, तर डॉक्टर बीपीची गोळी हळूहळू कमी करून पाहतात. काहींची सुटते. पण बीपी जुनं असेल, किंवा घरात आई-वडिलांनाही असेल, तर बहुधा ते थायरॉइडच्या जोडीने आलेलं असतं, थायरॉइडमुळे आलेलं नसतं.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. वय साठच्या पुढे असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमसारख्या छोट्या डोसने करतात. शेजारणीचा १०० चा डोस आपल्याला चालत नाही.

थायरॉइड जास्त असलेल्यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीने धडधड आणि वरचं बीपी दोन्ही आटोक्यात आणतात, आणि मूळ आजाराचे उपचार सोबत चालतात. पण दमा असेल तर ते आधी सांगा, कारण ही गोळी दम्याला चालत नाही.

टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. कित्येक मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. मग चांगल्या थायरॉइडला जास्तीचा आजार असल्याचा रिपोर्ट येतो.

५. वजन वाढलंय, चेहरा सुजलाय, थकवा आहे आणि बीपी आहे. हे थायरॉइड की कॉर्टिसॉल?

या चार तक्रारींवरून सांगता येत नाही, कारण त्या दोन्हींत असतात, आणि दोन्ही नसतानाही असतात. ज्या खुणा दुसरीकडे सहसा दिसत नाहीत, त्याच शोधाव्या लागतात.

पहिली खूण कातडीवर दिसते. कॉर्टिसॉल जास्त झालं की कातडी कागदासारखी पातळ होते. भांड्याचा साधा धक्का लागला तरी हातावर काळानिळा डाग उठतो आणि कुठे लागलं ते आठवतही नाही. पोटावर, काखेजवळ, मांडीवर जांभळट पट्टे उमटतात आणि ते करंगळीच्या नखापेक्षा रुंद असतात. बाळंतपणाच्या खुणा पांढुरक्या आणि अरुंद असतात, त्यांची यात गल्लत करू नका. सावळ्या अंगावर जांभळा रंग लवकर दिसत नाही, म्हणून खिडकीजवळ उजेडात पाहा.

दुसरी खूण ताकदीची आहे. पाटावर जेवायला बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, बसची पायरी चढताना दांडा धरावा लागतो, वेणी घालताना हात गळतात. मांड्या आणि खांद्यांचे स्नायू झिजतात, म्हणून पोट मोठं आणि हातपाय बारीक असं अंग होतं.

तिसरी खूण चेहऱ्याची. कॉर्टिसॉलचा चेहरा गोल आणि लालसर असतो. थायरॉइड कमी असलेला चेहरा फिकट, कोरडा, पापण्यांखाली फुगलेला दिसतो. माझा अनुभव असा की जुना फोटो शेजारी धरला की फरक पटकन कळतो, म्हणून मी लग्नाच्या अल्बममधला फोटो आणायला सांगतो.

यातल्या दोन खुणा असतील, किंवा चाळिशीच्या आत बीपी, शुगर आणि हाडं ठिसूळ होणं एकदम आलं असेल, किंवा तीन गोळ्यांनीही बीपी हलत नसेल, तर कॉर्टिसॉलचा विचार करायचा. लहान मुलाचं वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, असं दिसलं तर उशीर करू नका. खाण्याने जाड झालेली मुलं सहसा उंचही होतात.

६. कॉर्टिसॉल वाढतं कशाने? ट्यूमर असतो का?

सगळ्यात जास्त वेळा ते बाहेरून आलेलं असतं, म्हणजे स्टेरॉइडमधून. दम्याच्या, त्वचारोगाच्या, सांधेदुखीच्या गोळ्या, गुडघ्यात घेतलेली इंजेक्शनं, गजकर्णावर वर्षभर चोळलेलं क्लोबेटासोलचं मलम. पाकिटावर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, डिफ्लाझाकॉर्ट यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी योग्य कारणासाठी दिलेलं स्टेरॉइड जीव वाचवतं, तेव्हा नाव वाचून घाबरू नका. पण बीपी तपासणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.

शरीरातच कॉर्टिसॉल जास्त तयार होणं दुर्मीळ आहे. त्यात बहुतेकदा पिट्युटरीत बारीकशी गाठ असते, काहींत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत. हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३२ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कुशिंग म्हणतात. त्यातल्या पाचांपैकी साधारण चार प्रौढांना बीपी असतं.

बीपी चढतं ते असं. कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावू शकतं, पण तिथलं एक एन्झाइम त्याला आधीच निष्प्रभ करतं. कॉर्टिसॉलचा लोंढा आला की ते एन्झाइम अपुरं पडतं, मीठ साचतं आणि पोटॅशियम वाहून जातं. शिवाय रक्तवाहिन्या ताणाच्या संप्रेरकांना जास्तच प्रतिसाद देऊ लागतात. ज्येष्ठमध हेच एन्झाइम अडवतं. खोकल्यासाठी महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचा काढा घेणाऱ्याचं कॉर्टिसॉल नॉर्मल असतं, तरी बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. म्हणून काढ्याचंही सांगा.

७. बाजारातल्या गुडघेदुखीच्या पुडीने बीपी वाढतं का? ती तर झाडपाल्याची असते.

वाढू शकतं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एक हकिगत सांगतो.

खानापूर तालुक्यातल्या ४८ वर्षांच्या एक मावशी आल्या. दोन गोळ्या चालू असूनही बीपी १६८/१०२. आठ महिन्यांत वजन ५८ वरून ६७ किलो. टीएसएच ६.४ आलं होतं, म्हणून तीन महिने लिव्होथायरॉक्सिन २५ सुरू होती. टीएसएच ३.१ वर आलं, बीपी १६४/१०० वरच राहिलं. घरचे म्हणत होते, "थायरॉइडची गोळी लागू पडत नाही, मोठी द्या." गोळी लागू पडली होती, टीएसएच उतरलं होतं. बीपीचं कारण थायरॉइड नव्हतं, इतकंच.

मावशी खुर्चीतून उठल्या त्या दोन्ही हात टेकून. दंडावर तीन निळे डाग होते. उपाशीपोटी शुगर १४८. पोटॅशियम ४.१, म्हणजे नॉर्मल, पण तेवढ्यावर कॉर्टिसॉल सुटत नाही. "कुठलं औषध घेता?" असं विचारलं तेव्हा दोनच गोळ्या सांगितल्या. "दुखण्यावर काही घेता का, तेल, चूर्ण, पुडी?" असं विचारलं तेव्हा सुनेने पिशवीतून कागदाची पुडी काढली. आठवडी बाजारातून आणलेली, सकाळ-संध्याकाळ एक. वर्ष होत आलं होतं. "दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला बघा," मावशी म्हणाल्या.

ते दोन दिवसच सांगून गेले. झिजलेला गुडघा कुठल्याही चूर्णाने दोन दिवसांत मोकळा होत नाही. स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर होतो, सोबत भूक वाढते आणि झोप उडते. मावशींना दोन्ही झालं होतं.

सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासलं, ते १.२ आलं. चेहऱ्यावर कॉर्टिसॉल ओसंडून वाहतंय आणि रक्तात जवळजवळ नाही! याचा अर्थ एकच. बाहेरून दुसरं स्टेरॉइड येतंय, म्हणून शरीराने स्वतःचं बनवायचं थांबवलंय. डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन कॉर्टिसॉलच्या तपासणीत फारसं दिसत नाही, म्हणून आकडा इतका कमी येतो. उलट प्रेडनिसोलोन काही मशीनवर कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं आणि आकडा खोटा जास्त दिसतो. म्हणून रिपोर्टच्या आधी पिशवी तपासावी लागते.

पुडीच्या जागी मोजून मापून हायड्रोकॉर्टिसोन दिलं आणि महिन्यांच्या हिशेबाने कमी केलं. सात महिन्यांनी बीपी एका गोळीवर १३८/८६ झालं आणि शुगर उपाशीपोटी १०४ वर आली. गुडघा मात्र दुखू लागला. त्याचा उपचार वेगळा करावा लागला, आणि पुडी बंद करण्याची खरी किंमत तीच आहे हे मी मावशींना आधीच सांगितलं होतं.

८. मग पुडी आजच फेकून देऊ?

काही आठवड्यांहून जास्त काळ घेत असाल तर एकदम बंद करू नका. मावशींसारखी अधिवृक्क ग्रंथी झोपलेली असते. बाहेरचं स्टेरॉइड अचानक थांबलं की शरीरात काहीच उरत नाही. उलट्या, पोटदुखी, प्रचंड अशक्तपणा, चक्कर, शुगर उतरणं, गुंगी असं होतं.

यातली एक गोष्ट लोकांना हमखास फसवते. पुडी सोडल्यावर बीपी १६० वरून ९० वर येतं आणि घरात आनंद होतो, "पुडी सोडली आणि बीपी उतरलं!" त्याच वेळी माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. असं झालं तर वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि पोहोचताच पहिलं वाक्य हे सांगा: "हे बरेच दिवस स्टेरॉइड असलेली पुडी घेत होते, आता बंद केली आहे." तिथे १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन तातडीने देतात.

नीट पद्धत अशी की उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जायचं, मोजलेला डोस सुरू करायचा आणि टप्प्याने उतरायचं. मधूनमधून सकाळचा डोस घेण्याआधी कॉर्टिसॉल पाहतात. १० च्या वर आलं की ग्रंथी जागी झाली असं साधारणपणे मानतात. ५ च्या खाली असेल तर डोस चालू ठेवून पुढे पुन्हा पाहतात. या काळात ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, म्हणून ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

९. पॅकेजमध्ये सकाळचं कॉर्टिसॉल २२ आलं. मला कुशिंग आहे का?

एवढ्यावरून नाही. सकाळी कॉर्टिसॉल वर असणं हीच निरोगी शरीराची रीत आहे, शिवाय सुईच्या भीतीनेही ते चढतं. कुशिंगमध्ये बिघडतं ते उतरणं. रात्री कॉर्टिसॉल उतरत नाही आणि थांब म्हटलं तरी थांबत नाही. पहिल्या तपासण्या हेच पाहतात.

आमच्या भागात सगळ्यात सोयीची आहे ती एका रात्रीची डेक्सामेथासोन तपासणी. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घ्यायचं, म्हणजे ०.५ च्या दोन गोळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचं. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल १.८ च्या खाली जातं. गेलं, तर कुशिंगची शक्यता फारच कमी. नाही गेलं, तर आजार पक्का झाला असं नाही, दुसरी तपासणी लागते. गोळी घेतलेली वेळ कागदावर लिहा. जेवण लवकर झालं म्हणून नऊला गोळी घेऊन झोपलेल्यांचा आकडा माझ्या हाती येतो आणि तो वाचता येत नाही.

दुसरी तपासणी म्हणजे रात्री ११ ते १२ च्या दरम्यानची लाळ, दोन वेगवेगळ्या रात्री, किंवा २४ तासांची लघवी, तीही दोनदा. लाळ द्यायची त्या दिवशी विडी, तंबाखू आणि ज्येष्ठमध लांब ठेवा. निपाणीकडच्या मंडळींना हे मी दोनदा सांगतो.

रिपोर्ट कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याच्या लॅबचा असेल तर एकक पाहून घ्या. वरचे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरचे आहेत. नॅनोमोल असेल तर मायक्रोग्रॅमच्या आकड्याला २७.६ ने गुणायचं, म्हणजे १.८ चे साधारण ५० होतात. "पन्नास आलं!" म्हणून घाबरलेले लोक मला भेटले आहेत.

१०. तपासणी पॉझिटिव्ह आली, पण डॉक्टर म्हणतात खोटी असेल. असं होतं?

होतं. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात कॉर्टिसॉल वाहणारं प्रथिन वाढतं आणि आकडा फुगतो. डॉक्टरांना विचारून त्या सहा आठवडे थांबवल्या की खरा आकडा दिसतो, किंवा लाळेची तपासणी निवडता येते. फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, आणि टीबीचं रिफाम्पिसिन, डेक्सामेथासोन लवकर मोडतात. मग दोन गोळ्या पोटात जाऊनही पुरेशा ठरत नाहीत. ही औषधं तपासणीसाठी बंद करायची नाहीत, तपासणी बदलायची.

गळीत हंगामात साखर कारखान्यावर रात्रपाळी करणाऱ्यांचं घड्याळच उलटं झालेलं असतं, त्यांच्या रात्रीच्या लाळेला अर्थ नाही. खोल नैराश्य, रोजची दारू, खूप वाढलेली शुगर यांतही कॉर्टिसॉल खरोखर थोडं वाढतं. तेव्हा आधी ते आटोक्यात आणून पुन्हा तपासतात.

११. थेट एमआरआय काढला तर? एकदाच काय ते कळेल.

नाही कळणार. निरोगी माणसांच्या पिट्युटरीत आणि अधिवृक्क ग्रंथीतही निरुपद्रवी गाठी बऱ्याचदा दिसतात. आधी चित्र काढलं तर निर्दोष गाठीवर संशय जातो आणि कधी तिच्यावर ऑपरेशनही होतं. क्रम ठरलेला आहे. बाहेरचं स्टेरॉइड नाही याची खात्री, मग दोन वेगळ्या तपासण्यांत कॉर्टिसॉल जास्त असल्याचं सिद्ध होणं, मग एसीटीएच, म्हणजे पिट्युटरीचा अधिवृक्क ग्रंथीला असलेला हुकूम. एसीटीएच दबलेलं असेल तर अधिवृक्क ग्रंथीचा सीटी, नसेल तर पिट्युटरीचा एमआरआय. एसीटीएचचा नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला जावा लागतो. गावात रक्त काढून बसने पाठवलेला नमुना खोटा कमी येतो, म्हणून या एका तपासणीसाठी स्वतः बेळगावला या.

१२. पहिल्यांदा दाखवायला येताना काय आणू?

सात दिवसांचं सकाळ-संध्याकाळचं बीपी, नाडीसकट. आधीचे सगळे रिपोर्ट, मग ते कर्नाटकातले असोत वा महाराष्ट्रातले. पाच-सहा वर्षांपूर्वीचा चेहऱ्याचा फोटो. आणि घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी: मलम, काढा, चूर्ण, केसांच्या गोळ्या, गुडघ्याची पुडी, सगळं. पुडी आणली म्हणून कुणी रागावणार नाही.